तहकूब झालेला विषय

कंपनी कायद्याच्या पेपरात एक प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी वेश बदलून येतो. कधी त्यात चित्रपटगृह असते, कधी खाण, कधी औषधांचा कारखाना. गाभा मात्र एकच असतो: संचालकाला बैठकीत एक गोष्ट कळते आणि तो ती स्वतःसाठी वापरतो. गेली बरीच वर्षे मी या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका तपासतो आहे. चांगली तयारी केलेली मुलेही त्यात चुकतात. कलमे त्यांना पाठ असतात, पण प्रश्नातले एक साधे वाक्य ती धावत वाचतात. त्या वाक्यासाठीच हा लेख आहे. घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत सही करणाऱ्या भावाबहिणींनाही तो उपयोगी पडावा, कारण हा पेच परीक्षेपेक्षा घरात जास्त वेळा येतो.

आधी प्रश्न पाहू. मसाले तयार करणारी एक खाजगी कंपनी आहे. तिचे पाच संचालक आहेत आणि त्यांतला एक ‘क’. जुलैच्या बैठकीत एका सल्लागाराचा गोपनीय अहवाल मांडला जातो. शेजारच्या तालुक्यात याच धंद्यातला एक छोटा कारखाना आहे. मालकाचे वय झाले आहे, मुलांना धंद्यात रस नाही आणि १ कोटी ८० लाखांना तो विकायला तयार आहे. कारखान्याचे मोठे ग्राहक कोण, वर्षाकाठी सुटते किती, बँकेचे देणे किती, हे सगळे अहवालात आहे. चर्चा होते. कंपनीचे कर्ज अजून मंजूर झालेले नाही, म्हणून विषय दिवाळीनंतरच्या बैठकीपर्यंत तहकूब ठेवला जातो. सप्टेंबरमध्ये ‘क’ आपल्या पत्नीच्या नावाने उभ्या केलेल्या भागीदारी संस्थेतून तोच कारखाना १ कोटी ८५ लाखांना विकत घेतो. पहिल्या वर्षी त्याला २८ लाख नफा होतो. मग एक तिसरा माणूस त्याच कारखान्याला २ कोटी ६० लाख द्यायला तयार होतो. कंपनीला हे कळते ते एका वितरकाच्या तोंडून. ‘क’ म्हणतो: कंपनीकडे पैसे नव्हते, पैसा माझा, जोखीम माझी, मालकाला योग्य भाव मिळाला, कंपनीचे एका रुपयाचेही नुकसान झाले नाही. कंपनीला सल्ला द्या.

पहिला घोटाळा ‘गोपनीय माहिती’ या शब्दांशीच होतो. ते दिसले की निम्मी मुले ‘इन्सायडर ट्रेडिंग’ लिहून मोकळी होतात आणि सेबीच्या २०१५ च्या नियमांवर दोन पाने भरतात. ते नियम शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा नोंदणीच्या वाटेवर असलेल्या कंपन्यांच्या रोख्यांसाठी आहेत. आपली मसाल्याची कंपनी खाजगी आहे, आणि ‘क’ने शेअर घेतलेले नाहीत, कारखाना घेतला आहे. काही जण २०१३ च्या कंपनी कायद्यातले कलम १९५ लिहितात. ते कलम २०१७ च्या दुरुस्तीने वगळले गेले, म्हणजे ते उत्तर जुन्या पुस्तकातून आलेले असते. दुसरा घोटाळा कलम १८४ चा. संचालकाने आपले हितसंबंध कुठे आहेत ते मंडळाला लेखी कळवावे, असे ते कलम सांगते. त्यासाठी एमबीपी-१ नावाचा नमुना आहे. पण बैठकीतून उठून जाण्याचा त्यातला नियम कंपनी स्वतः करत असलेल्या करारासाठी आहे. इथे कंपनीने कुणाशीही करार केलेला नाही. करार ‘क’ने केला, कंपनीच्या पाठीमागे. शिवाय ‘मी असे केले आहे’ असे नंतर कळवणे वेगळे आणि ‘मी असे करू का’ असे आधी विचारणे वेगळे. कळवण्याने परवानगी मिळत नाही.

खरे घर कलम १६६ आहे. त्याची दोन पोटकलमे इथे कामाची. चौथे सांगते की संचालकाने अशा स्थितीत पडू नये, जिथे त्याचे हित कंपनीच्या हिताशी टक्कर घेते किंवा घेऊ शकते. ‘घेऊ शकते’ हे शब्द कायद्यातच आहेत, आणि त्यांत पुष्कळ काही आहे. प्रत्यक्ष टक्कर व्हायलाच हवी असे नाही. पाचवे सांगते की संचालकाने स्वतःसाठी किंवा नातेवाईक, भागीदार, सहकारी यांच्यासाठी गैरवाजवी लाभ मिळवू नये. मिळवला तर तेवढी रक्कम कंपनीला द्यावी. पत्नीचे नाव पुढे करून ‘क’ सुटत नाही, ते यामुळेच.

ही दोन पोटकलमे एकच गोष्ट दोनदा सांगतात असे वाटेल, पण पुराव्याच्या वेळी त्यांतला फरक कळतो. पाचव्या पोटकलमाखाली लाभ कुठून आला ते दाखवावे लागते. ‘क’ म्हणेल, कारखाना विकायला आहे हे मला बाजारातही कळले असते. मग ताळा घेण्यासारख्या गोष्टी शोधाव्या लागतात. त्याने मालकाला दिलेल्या देकार-पत्रात बँकेच्या देण्याचा आकडा अहवालातल्यासारखाच आहे का? आकड्याची चूकसुद्धा तीच आहे का? अहवालात एखाद्या ग्राहकाचे नाव चुकीचे पडले असेल आणि तेच चुकीचे नाव देकार-पत्रात उतरले असेल, तर वेगळा साक्षीदार लागत नाही. चौथ्या पोटकलमाखाली मात्र एवढे खोदावे लागत नाही. कंपनी ज्या कारखान्याचा विचार करते आहे, त्याच कारखान्याचा ग्राहक म्हणून संचालक मालकाच्या दारात उभा राहिला, एवढे पुरते.

इंग्लंडमध्ये भुल्लर कुटुंबाच्या कंपनीचे प्रकरण २००३ मध्ये अपील न्यायालयापुढे आले, तेव्हा हेच झाले. दोन शाखांचे वितुष्ट आले होते आणि कंपनीने नवी मालमत्ता घ्यायची नाही असे ठरले होते. एका शाखेतल्या संचालकांना कंपनीच्या जागेला लागून असलेली जागा विक्रीला असल्याचे कळले, तेही बैठकीत नव्हे, बाहेर. त्यांनी ती घेतली. न्यायालयाने ती जागा घेतलेल्या किमतीला कंपनीच्या हवाली करायला लावली. माहिती कुठे मिळाली हे निर्णायक ठरले नाही. ती कंपनीच्या कामाची होती आणि कंपनीला सांगितली गेली नाही, हे ठरले.

आता ‘कंपनीचे नुकसान झाले नाही’ या बचावाकडे येऊ. ऐकायला तो सर्वांत न्याय्य वाटतो, आणि कायद्यात सर्वांत कच्चा ठरतो. त्याचे कारण समजायला हेस्टिंग्ज या इंग्रजी समुद्रकाठच्या गावातले एक चित्रपटगृह पाहावे लागते. रीगल नावाच्या कंपनीचे ते होते. तिला गावातली आणखी दोन चित्रपटगृहे भाड्याने घेऊन तिन्ही एकत्र विकायची होती. त्यासाठी तिने एक उपकंपनी काढली. जागामालकाने अट घातली: उपकंपनीचे भरलेले भांडवल ५,००० पौंड हवे, नाहीतर संचालकांनी भाड्याची वैयक्तिक हमी द्यावी. रीगलला २,००० पौंडांपलीकडे झेपत नव्हते. तेव्हा चार संचालकांनी प्रत्येकी ५०० पौंडांचे शेअर स्वतःच्या खिशातून घेतले. अध्यक्ष गलिव्हर यांनी ५०० शेअर बाहेरच्या लोकांकडून घेववले आणि कंपनीच्या वकिलांनी ५०० घेतले. थोड्याच दिवसांत चित्रपटगृहे न विकता कंपन्यांचे शेअरच विकले गेले. प्रत्येक शेअरमागे २ पौंड १६ शिलिंगांहून थोडा जास्त नफा झाला.

या लोकांनी लबाडी केली नव्हती. कंपनीकडे खरोखर पैसे नव्हते आणि त्यांनी पैसे घातले नसते तर व्यवहारच झाला नसता. तरी १९४२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने चौघा संचालकांना नफा परत करायला लावला. प्रामाणिकपणा, कंपनीची ऐपत, कंपनीचे नुकसान यांपैकी काहीही पाहायचे कारण नाही, असे लॉर्डांनी म्हटले. संचालकपदामुळे आणि संचालक म्हणून काम करताना ती संधी हाती आली, एवढेच त्यांनी पाहिले. खटला भरला होता रीगलच्या नव्या मालकांनी. म्हणजे कंपनी विकत घेताना मोजलेल्या किमतीतला काही भाग त्यांना परत मिळाल्यासारखे झाले. ही त्यांची फुकटची कमाई आहे हे लॉर्डांना दिसत होते आणि तरी त्यांनी नियम सोडला नाही.

मी हे वर्गात सांगतो तेव्हा मुले चिडतात. त्यांची चीड मला पटते आणि निकालही पटतो. संचालकाला ‘कंपनीला परवडले नसते’ म्हणायची मुभा दिली, तर परवडावे म्हणून तो प्रयत्न कशाला करील? आपल्या प्रश्नात कर्ज मंजूर व्हायचे होते. ते मिळवायला बँकेत चकरा मारणाऱ्या पाच जणांत ‘क’ होता. कर्ज लांबले तर त्याचा फायदा होता. तो प्रामाणिक असेलही, पण ते तपासायला त्याच्या मनाशिवाय दुसरी जागा नाही, आणि न्यायालय मनात शिरू शकत नाही. म्हणून कायदा त्या दारापर्यंतच त्याला जाऊ देत नाही.

‘मालकाने कंपनीला विकलेच नसते’ असेही ‘क’ म्हणू शकतो. १९७२ च्या कूली प्रकरणात तसेच होते. कूली वास्तुविशारद होता आणि एका बांधकाम कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक. एका गॅस बोर्डाने त्याला व्यक्ती म्हणून काम देऊ केले, कंपनीला द्यायला ते तयारच नव्हते. कूलीने प्रकृतीचे खोटे कारण सांगून नोकरी सोडली आणि काम घेतले. कंपनीला ते मिळण्याची शक्यता दहात एक होती, असे न्यायाधीशांनीच मोजले. तरी कूलीने सगळा नफा द्यावा, असा निकाल झाला. संचालक असताना जे कळले ते कंपनीला सांगणे हे त्याचे काम होते. राजीनामा देऊन ते काम पुसले जात नाही. ‘क’ने ऑगस्टमध्ये राजीनामा दिला असता, तरी उत्तर फारसे बदलले नसते.

इथवर आलेल्या विद्यार्थ्याला मी चांगले गुण देतो. पूर्ण गुण मात्र त्या वाक्यासाठी राखून ठेवतो: ‘विषय दिवाळीनंतरच्या बैठकीपर्यंत तहकूब ठेवला जातो.’

मंडळाने विषय नाकारला असता तर? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९६६ मध्ये पेसो सिल्व्हर माइन्स या कंपनीचे प्रकरण आले. कंपनीपुढे खाणीचे काही दावे विकत घेण्याचा प्रस्ताव आला होता. मंडळाने तो मनापासून विचार करून नाकारला. पुढे कंपनीच्याच भूगर्भतज्ज्ञाने एका संचालकाला विचारले आणि काही जणांनी मिळून ते दावे घेतले. न्यायालयाने संचालकाला सोडून दिले. कंपनीने खरोखर हात झटकल्यावर ती गोष्ट कंपनीची राहिली नव्हती. या निकालावर टीका झाली आहे आणि इंग्लंडची न्यायालये इतकी उदार नाहीत. आपल्याकडे दोन्ही देशांचे निकाल बंधनकारक नसून मार्गदर्शक आहेत. पण फरकाची रेघ त्यातून स्पष्ट दिसते.

म्हणून इतिवृत्ताचे पुस्तक उघडून पाहावे. बैठक संपल्यापासून ३० दिवसांत इतिवृत्त लिहिले गेले पाहिजे, असे कलम ११८ सांगते. त्यात ‘चर्चेअंती प्रस्ताव नामंजूर’ असे असेल तर गोष्ट एक आणि ‘कर्जमंजुरीअभावी विषय तहकूब’ असे असेल तर दुसरी. तहकूब विषय जिवंत असतो. तो कंपनीच्या टेबलावर आहे आणि दिवाळीनंतर पुन्हा निघणार आहे. तो ‘क’ने सप्टेंबरमध्ये उचलला. ‘नामंजूर’ लिहिलेले असले तरी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: नामंजूर करायला कोणी लावले? ‘क’नेच बैठकीत कारखान्याची यंत्रे जुनी आहेत, भाव जास्त आहे असे सांगून विषय पाडला असेल आणि दोन महिन्यांनी तोच घेतला असेल, तर तो नकार मनापासून विचार करून दिलेला नव्हे. त्या बैठकीत कोण काय बोलले याची नोंद म्हणूनच सोन्यासारखी असते. घरच्या कंपन्यांत बहुतेकदा तीच नसते. इतिवृत्त वर्षाअखेरीस सीएच्या कार्यालयात एकदम लिहिले जाते, आणि भांडण झाले की कोणता शब्द वापरला होता हे कुणालाच आठवत नाही.

आता कंपनीने काय मागावे? इथे दोन वाटा आहेत आणि एकच धरता येते. पहिली वाट पैशाची. लाभाइतकी रक्कम कलम १६६(५) खाली मागायची. वर्षाचा नफा २८ लाख. वाढलेली किंमत, देकार खरा धरला तर, २ कोटी ६० लाखांतून १ कोटी ८५ लाख वजा जाता ७५ लाख. दोन्ही मिळून १ कोटी ३ लाख. पण कारखाना अजून विकलेला नाही. देकार म्हणजे नफा नव्हे, त्यामुळे न्यायालय मूल्यांकन करून घेईल आणि आकडा हलेल.

दुसरी वाट कारखान्याचीच. इथे १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याचे कलम ८८ कामाला येते. विद्यार्थी ते क्वचितच लिहितात आणि मला त्याची खंत वाटते, कारण त्यात ‘कंपनीचा संचालक’ हे शब्द थेट आहेत. विश्वासाच्या नात्याने बांधलेल्या माणसाने त्या नात्याचा वापर करून आर्थिक लाभ मिळवला, तर तो लाभ त्याने ज्याच्यासाठी बांधलेला आहे त्याच्यासाठी धरून ठेवला आहे, असे मानायचे. म्हणजे कारखाना नावाने त्या भागीदारीचा आणि हक्काने कंपनीचा. ‘क’ दिवाळखोर निघाला तरी ही मागणी टिकण्याची शक्यता पैशाच्या मागणीपेक्षा बरी असते. पण फुकट काही मिळत नाही. कारखाना घ्यायचा तर १ कोटी ८५ लाख ‘क’ला परत करावे लागतील, आणि जुलैत नसलेला पैसा आज आहे का, हा प्रश्न पुन्हा समोर येतो. ‘क’ने वर्षभर घातलेल्या श्रमांचा मोबदला देण्याची मुभा न्यायालयाला असते, पण संचालकाच्या बाबतीत न्यायालये त्यात हात आखडता घेतात. याशिवाय १६६(७) खाली १ लाख ते ५ लाख दंड आहे. तो कंपनीला मिळत नाही, आणि एवढ्या व्यवहारात त्याची कुणाला भीतीही वाटत नाही.

दावा कोण करणार? कंपनी. उरलेले चार संचालक ठराव करून तो करतील. पण ‘क’ हाच मोठा भागधारक असेल आणि सभेत हात वर करून स्वतःला माफ करून घेईल तर? १९१६ मध्ये कॅनडातून प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलेल्या कुक प्रकरणात तिघा संचालकांनी हेच केले. कंपनीकडे येणारे रेल्वेचे कंत्राट त्यांनी स्वतः घेतले आणि बहुमताने ठराव केला की कंपनीला त्यात रस नाही. प्रिव्ही कौन्सिलने तो ठराव मोडीत काढला. कंपनीची वस्तू बहुमताने स्वतःला भेट देता येत नाही. आपल्याकडे अशा वेळी अल्पमतातले भागधारक कलम २४१ खाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. भागभांडवल असलेल्या कंपनीत त्यासाठी साधारणपणे १० टक्के भांडवल हाती लागते, आणि न्यायाधिकरण ही अट शिथिलही करू शकते.

माझे उत्तर असे असेल: ‘क’ जबाबदार आहे. त्याची पत्नी आणि भागीदारी संस्थाही सुटत नाहीत. कंपनीने आधी विक्री थांबवणारा मनाई हुकूम मागावा, कारण २ कोटी ६० लाखांच्या त्या तिसऱ्या माणसाने काही माहीत नसताना पैसे देऊन कारखाना घेतला, तर तो त्याच्याकडून परत मिळवणे फार कठीण होईल. मग कारखाना की पैसा, ते आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे.

आणि प्रश्नातले एक वाक्य बदलले, तर हे सगळे उत्तर बदलते. ‘क’ने ऑगस्टमध्ये उरलेल्या चौघांना लेखी कळवले असते की हा कारखाना मला स्वतःसाठी घ्यायचा आहे, अहवाल माझ्याकडे आहे, आकडे हे असे आहेत, आणि त्या चौघांनी, ‘क’ला बाहेर ठेवून, कंपनीला तो नको असे ठरवून भागधारकांची संमती घेऊन दिली असती, तर त्याच कारखान्याचा तोच नफा त्याला ठेवता आला असता. १९४२ च्या त्या खटल्यातही वकिलांना त्यांच्या ५०० शेअरांचा नफा परत करावा लागला नाही. त्यांनी ते शेअर मंडळाच्या संमतीने घेतले होते.